निवडणूक हिंसाचार व निवडणूक निरीक्षण

मतदानापूर्वी, मतदानाच्या दिवशी किंवा निकालानंतर निवडणुकीवर परिणाम घडवण्यासाठी अथवा निकाल अमान्य असल्यामुळे होणारा हिंसाचार, आणि निवडणुकीशी ज्यांचा हितसंबंध नाही अशा व्यक्तींनी तिची केलेली पद्धतशीर पाहणी. मतदान केंद्रे बळकावण्याचे प्रकार मराठी वाचकाला वृत्तपत्रांतून परिचित आहेत. त्यामुळे या नोंदीत भर आहे तो मतदान संपल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंतच्या काळावर. निरीक्षकांची खरी कसोटी याच काळात लागते आणि मोठ्या दंगलींचे मूळही पुष्कळदा येथेच सापडते.

संज्ञा : पुण्यातील मतदार ‘निवडणूक निरीक्षक’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भारत निवडणूक आयोगाने परराज्यातून पाठवलेला सनदी अधिकारी असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम २०ख अन्वये नेमलेल्या या अधिकाऱ्याला विशिष्ट परिस्थितीत मतमोजणी थांबवण्याचा किंवा निकाल जाहीर न करण्याचा आदेश निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला देता येतो. आंतरराष्ट्रीय निरीक्षण पथकाला असा कोणताही अधिकार नसतो. ते पाहते, नोंदवते आणि मत देते. एकाच मराठी शब्दात हे दोन अर्थ आल्यामुळे परदेशातील निवडणुकांविषयीच्या बातम्या वाचताना गोंधळ होतो. पहिल्या अर्थी ‘पर्यवेक्षक’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता, पण तो आता रुळण्याची शक्यता दिसत नाही.

उगम : आंतरराष्ट्रीय निरीक्षणाचा आरंभ १८५७ मध्ये मोल्डेव्हिया व वॉलेशिया या संस्थानांत झालेल्या निवडणुकांपासून धरण्याचा प्रघात आहे. तेथे युरोपीय सत्तांच्या आयोगाने देखरेख केली होती. मात्र त्या सत्तांचे त्या प्रदेशात उघड हितसंबंध होते. म्हणून त्या कामाला निरीक्षणापेक्षा देखरेख म्हणणे सयुक्तिक वाटते. हाच प्रश्न सूदानमधील १९५३ च्या निवडणुकीबाबतही येतो. तेथील मिश्र निवडणूक आयोगाचे अध्यक्ष भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते, पण त्या आयोगाने निवडणूक पाहिली नाही, घेतली. देखरेख, संचालन आणि निरीक्षण या तीन गोष्टी वेगळ्या मानल्या, तर निरीक्षणाची आजची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरची ठरते, आणि तिची लेखी आचारसंहिता त्याहूनही अलीकडची. ती संहिता २००५ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात जाहीर झाली.

केनिया, २००७ : मतदान शांततेत होऊनही निवडणूक कशी हातची जाऊ शकते, हे या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट दिसते. २७ डिसेंबर २००७ रोजी मतदान बहुतांशी सुरळीत पार पडले. सुरुवातीच्या आकड्यांत विरोधी उमेदवार राईला ओडिंगा आघाडीवर होते. पुढे ही आघाडी घटत गेली आणि काही मतदारसंघांचे निकाल अडकून पडले. ३० डिसेंबरला विद्यमान अध्यक्ष म्वाई किबाकी यांना ४५,८४,७२१ व ओडिंगा यांना ४३,५२,९९३ मते मिळाल्याचे घोषित झाले. किबाकींचा शपथविधी त्याच संध्याकाळी उरकण्यात आला. न्यायालयात जाण्याचा मार्ग कायद्याने खुला होता, पण विरोधकांचा न्यायालयावर विश्वास नव्हता.

युरोपीय संघाच्या पथकाने या निवडणुकीला दोष दिला तो मुख्यतः कागदांच्या आधारे. मोलो मतदारसंघात निरीक्षकांसमोर किबाकी यांची मते ५०,१४५ सांगितली गेली होती. नैरोबीत त्याच मतदारसंघासाठी ७५,२६१ हा आकडा वाचला गेला. हा फरक २५,११६ मतांचा आहे. देशभरातील आघाडी २,३१,७२८ ची होती, म्हणजे एकट्या मोलोतील फरक तिच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक भरतो. याने निकाल उलटत नाही. पण २१० मतदारसंघांपैकी आणखी किती ठिकाणी असे घडले, हे तपासण्याचा मार्ग बंद झाला होता, कारण मतदान केंद्रांची मूळ पत्रके सगळी हाती नव्हती.

यानंतरच्या सुमारे दोन महिन्यांत १,१०० हून अधिक माणसे मारली गेली आणि लाखो विस्थापित झाली. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटजवळील कियांबा येथे आश्रयाला आलेल्या लोकांसह चर्च पेटवण्यात आले. न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या आयोगाला या हिंसाचारात उत्स्फूर्त उद्रेक, पूर्वनियोजित हल्ले आणि पोलिसांचा गोळीबार असे तिन्ही प्रकार आढळले. केवळ ‘जमातींमधील वैर’ हे कारण अपुरे आहे. रिफ्ट खोऱ्यात जमिनीच्या मालकीचा जुना वाद होता आणि १९९२ व १९९७ च्या निवडणुकांच्या सुमारासही तेथे हत्या झाल्या होत्या. निकालाविषयीच्या संशयाने या वादाला तोंड फोडले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. खरा विजेता कोण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दक्षिण आफ्रिकी न्यायमूर्ती योहान क्रिगलर यांच्या आयोगाने मात्र नोंदी इतक्या दूषित झाल्या आहेत की विजेता ठरवता येणार नाही, असा निष्कर्ष काढला, आणि तो अधिक ग्राह्य आहे.

नमुना मोजणी : अशा संशयावर निरीक्षकांकडे एक उपाय असतो. सर्व केंद्रांतून यादृच्छिक पद्धतीने काही केंद्रे निवडायची, प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षित माणूस मोजणी संपेपर्यंत बसवायचा आणि तेथील आकडे स्वतंत्रपणे जुळवायचे. फिलिपाईन्समध्ये १९८६ साली नागरिकांच्या ‘नामफ्रेल’ या संघटनेने केलेली समांतर मोजणी याच जातकुळीतली होती, जरी ती नमुन्यापुरती मर्यादित नव्हती. केनियात २०१७ मध्ये देशी निरीक्षकांनी सुमारे १,७०० केंद्रांवरून विद्यमान अध्यक्ष उहुरू केन्याटा यांना ५४ टक्के मते मिळाल्याचा अंदाज दिला. त्यात संभाव्य चूक दोन टक्क्यांच्या आत होती आणि अधिकृत आकडा त्याच मर्यादेत बसला.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. २००७ मधील अंतर जेमतेम २.३ टक्क्यांचे होते, म्हणून तेवढ्याच आकाराच्या नमुन्यातून विजेता ठामपणे सांगता आला नसता. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. नमुना मोजणी केंद्रावरच्या आकड्यांची बेरीज तपासते. केंद्रावरच बनावट मते पडली असतील किंवा मतदाराला धाकाने घरी बसवले असेल, तर त्याविषयी ती काही सांगत नाही. म्हणूनच पथके मतदानाच्या कित्येक आठवडे आधी दीर्घकालीन निरीक्षक पाठवतात. मतदानाच्या दिवशी येणाऱ्यांची संख्या मोठी असते, पण त्यांना दिसते थोडे.

२०१७ मध्ये याचा प्रत्यय आला. परदेशी पथकांनी ८ ऑगस्टच्या मतदानाविषयी घाईने अनुकूल शब्द काढले, आणि १ सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अध्यक्षीय निवडणूक रद्द केली. केंद्रांवरील मतमोजणीची ‘३४अ’ पत्रके सर्व हाती येण्याआधीच निकाल जाहीर झाला होता आणि निवडणूक आयोगाने न्यायालयाला आपल्या संगणकीय नोंदी पाहण्याची पूर्ण मुभा दिली नाही. न्यायालयाचा आक्षेप प्रक्रियेवर होता, बेरजेवर नव्हता. फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार टाकला.

भारतीय तुलना : ‘३४अ’ चे भारतातील जवळचे भावंड म्हणजे नमुना १७ग, अर्थात नोंदवलेल्या मतांचा हिशेब. फरक असा की केनियात मोजणी केंद्रावरच होते, तर येथे यंत्रे सीलबंद करून एकत्र नेली जातात. पुणे मतदारसंघात १३ मे २०२४ रोजी मतदान झाले आणि मोजणी ४ जूनला झाली. या अवधीत मतदान प्रतिनिधीच्या हाती राहते ती १७ग ची प्रत. तिच्यात उमेदवारनिहाय मते नसतात, फक्त यंत्रात एकूण किती मते पडली ती संख्या असते. मोजणीच्या टेबलावर यंत्राने दाखवलेली एकूण मते या संख्येशी जुळतात का, एवढेच त्या प्रतीवरून पाहता येते. उमेदवारनिहाय वाटणी पडताळायला व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या लागतात.

केनियाने २०२२ मध्ये ४६,००० हून अधिक केंद्रांची ‘३४अ’ पत्रके संकेतस्थळावर टाकली. ज्याला हवे त्याला स्वतः बेरीज करता येत होती. तरीही निवडणूक आयोगाच्या सात आयुक्तांपैकी चौघांनी अंतिम निकाल आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ५ सप्टेंबर रोजी निकाल कायम ठेवला.