सिरिंज फिल्टरचा पडदा कशात विरघळतो, आणि का

गोव्यातल्या वेर्णा किंवा कोलवाळच्या औषध कंपन्यांच्या क्यूसी लॅबमध्ये नवीन रुजू झालेली मुलं सिरिंजच्या टोकाला लावून द्रावण गाळायचे सिरिंज फिल्टर बऱ्याचदा रंगावरून ओळखायला शिकतात. ही सवय लवकर सुटलेली बरी. रंग बाहेरच्या प्लॅस्टिकच्या घराचा असतो आणि तो उत्पादकागणिक बदलतो. पाहायचा तो आतला पडदा, म्हणजेच मेम्ब्रेन. भिंतीवर चिकटवलेला सॉल्व्हेंटचा तक्ता मात्र पाठ करायची फारशी गरज नाही. हे पडदे बनले कसे, एवढं ठाऊक असलं की त्यातल्या बऱ्याच नोंदी आपोआप कळतात.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये रिचर्ड झिग्मोंडी कलिलांवर काम करत होते. 1925 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं. सेल्युलोज नायट्रेट सेंद्रिय द्रावकात विरघळवायचं, पातळ थरात पसरायचं आणि दमट हवेत हळूहळू सुकू द्यायचं, अशा पद्धतीने त्यांनी आणि बाखमान यांनी ठराविक आकाराच्या छिद्रांचे पडदे तयार केले. नंतर गॉटिंगेनमध्येच त्यांचं उत्पादन सुरू झालं. पुढे बरेच पॉलिमर आले, पण मूळ कृती तीच राहिली: पॉलिमर विरघळवा, थर पसरा, पाण्याच्या किंवा दुसऱ्या अद्रावकाच्या संपर्कात आणून घट्ट होऊ द्या. या घट्ट होण्यातच छिद्रं पडतात.

म्हणजे असा प्रत्येक पडदा कधीतरी एखाद्या सॉल्व्हेंटमध्ये विरघळलेला होता, आणि त्या सॉल्व्हेंटशी त्याची पुन्हा गाठ पडली तर तो पुन्हा विरघळणार. सेल्युलोज अॅसिटेट आणि नायट्रेट अॅसिटोनमध्ये जातात. नायलॉन 66 तीव्र फॉर्मिक अॅसिडमध्ये जातो. पॉलीईथरसल्फोन म्हणजे पीईएस आणि पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड म्हणजे पीव्हीडीएफ हे डीएमएफ, डीएमएसओ, एनएमपी यांसारख्या द्रावकांत जातात.

याला अपवाद पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन. 1938 मध्ये ड्युपॉन्टच्या रॉय प्लंकेट यांना ते योगायोगाने सापडलं. नेहमीच्या कुठल्याच द्रावकात ते विरघळत नाही, त्यामुळे विरघळवून पडदा करण्याचा मार्ग बंदच होता. 1969 मध्ये बॉब गोर यांनी गरम पीटीएफई झटक्यात ताणून सच्छिद्र केलं. विरघळत नाही म्हणूनच सेंद्रिय द्रावकांसाठी ते इतकं भरवशाचं आहे. अडचण आहे ती पाण्याची: साधं पीटीएफई पाण्याने भिजत नाही. जलीय नमुना त्यातून ढकलायचा असेल तर आधी मिथेनॉलने पडदा ओला करावा लागतो, नाहीतर प्लंजर जागचा हलत नाही. पृष्ठभागावर प्रक्रिया केलेलं हायड्रोफिलिक पीटीएफई याच कारणाने आलं.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. समजा, औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून डायल्युएंट, म्हणजे नमुना ज्यात विरघळवायचा तो द्रावक, शुद्ध डीएमएसओ ठेवला आहे. बफर गाळायला आणलेले पीईएस फिल्टर हाताशी आहेत, तेच वापरले. पहिला मिलीलीटर सहज उतरतो, मग प्लंजर जड होतो, किंवा पडदा फाटला तर अचानक हलका पडतो. वायलमधलं द्रावण स्वच्छच दिसतं, आणि खरा धोका इथेच आहे. त्यात विरघळलेलं पीईएस एचपीएलसी यंत्रात इंजेक्ट केल्यावर पाणी असलेल्या वाहत्या द्रावकाला, म्हणजे मोबाइल फेजला भेटतं आणि घट्ट होतं. पडदा तयार करताना कारखान्यात जे घडलं तेच आता कॉलमच्या तोंडाशी असलेल्या फ्रिट या बारीक गाळणीवर घडतं. दर इंजेक्शनला दाब थोडा थोडा वाढत जातो, आणि दोष मात्र पंपाला दिला जातो.

याचा छडा लावायला तीन वायल पुरतात. एकात न गाळलेला डायल्युएंट, दुसऱ्यात त्याच फिल्टरमधून गाळलेला, तिसऱ्यात दुसऱ्या पडद्यातून, म्हणजे हायड्रोफिलिक पीटीएफईमधून गाळलेला. फक्त दुसऱ्यातच नवा पीक किंवा बेसलाइनला फुगवटा दिसला तर तो पडद्यातूनच आला. पीईएसमध्ये बेंझिन वलयं असल्यामुळे ते यूव्हीत दिसू शकतं.

पडदा विरघळला नाही म्हणून तो योग्य ठरला, असंही नाही. नायलॉन पाणी-मिथेनॉलमध्ये छान टिकतो, पण त्यातले अमाइड गट काही औषधांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. नमुना जितका सौम्य तितकं हे जास्त जाणवतं. स्टँडर्ड गाळून पहिले 1, 3 आणि 5 मिलीलीटर टाकून दिल्यानंतरचे भाग इंजेक्ट करावेत, आणि न गाळलेल्या स्टँडर्डच्या एरियाशी ताडून पाहावेत. समजा 1 नंतर 95 टक्के, 3 नंतर 99 आणि 5 नंतरही 99 आले, तर 3 मिलीलीटर टाकून देणं पुरेसं. आकडा वर चढतच राहिला तर पडदा बदलावा. गोळीच्या नमुन्यासाठी तुलना सेंट्रिफ्यूज केलेल्या वरच्या द्रावणाशी करावी. ही चाचणी मेथड व्हॅलिडेशनमध्येच व्हायला हवी, आणि पद्धतीत नुसतं ‘0.45 मायक्रॉन फिल्टरने गाळा’ न लिहिता पडद्याचं पॉलिमर, व्यास आणि टाकून द्यायचे मिलीलीटरही लिहावेत.