मॅनिटॉल ग्रॅममध्ये, तीन टक्के मिलिलीटरमध्ये

रात्री दोनला कॅज्युअल्टीत चार वर्षांचा मुलगा आला. दोन दिवस ताप, उलट्या, मग आकडी. हाक मारली तर डोळे उघडत नव्हता, उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी. मेंदूवरचा दाब वाढलाय, हे कळायला स्कॅनची वाट पाहायची गरज नव्हती. मी तेव्हा नवा होतो. वजन 14 किलो धरून, अर्धा ग्रॅम दर किलोला या हिशेबाने दाब उतरवणारं औषध पेपरवर लिहिलं: ‘मॅनिटॉल 7’. सिस्टरनी सिरिंज भरताना विचारलं, “डॉक्टर, सात मिली ना?”

त्यांनी विचारलं म्हणून बरं. मला म्हणायचे होते 7 ग्रॅम. आपल्याकडे मॅनिटॉलची बाटली बहुधा 20 टक्क्यांची येते, म्हणजे 100 मिलीत 20 ग्रॅम. म्हणून 7 ग्रॅम म्हणजे 35 मिली. सात मिली गेलं असतं तर डोसचा पाचवा हिस्साच मिळाला असता, आणि ‘औषध देऊनही फरक नाही’ असं म्हणत आम्ही भलत्याच दिशेला गेलो असतो.

गोंधळ इथेच आहे. मॅनिटॉलचा डोस ग्रॅममध्ये बोलतात आणि द्यायचं असतं मिलीत. दाब उतरवणारं दुसरं औषध तीन टक्के सलाइन, त्याचा डोस मुळातच मिलीत असतो. दोन्ही बाटल्या 100 मिलीच्या, दोन्ही पाण्यासारख्या आणि एकाच ट्रेमध्ये. गंमत म्हणजे पाच मिली दर किलोला दिलं तर दोन्हींतून जवळजवळ सारखाच ऑस्मोटिक भार जातो. वीस टक्के मॅनिटॉलचे पाच मिली म्हणजे बरोबर एक ग्रॅम. त्यामुळे लेबल न वाचता बाटली उचलली तर आकड्यावरून चूक लक्षात येत नाही. मी आता नाव, टक्के, ग्रॅम आणि मिली चारही लिहितो: ‘मॅनिटॉल 20 टक्के, 7 ग्रॅम, म्हणजे 35 मिली, 20 मिनिटांत’.

मॅनिटॉल साधारण अर्धा ते एक ग्रॅम दर किलोला, तीन टक्के 2 ते 5 मिली दर किलोला, दोन्ही 10 ते 20 मिनिटांत. आकडे एवढेच. निवड खरी ठरते ती मुलाच्या रक्तदाबावर. दोन्ही औषधं मेंदूतलं पाणी रक्तात ओढतात, पण पुढे वाटा वेगळ्या होतात. मॅनिटॉल ते पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. दोन दिवस उलट्या करून सुकलेल्या मुलाला ते दिलं तर तासाभरात पिशवी भरते आणि बीपी पडतं. बीपी पडलं की मेंदूकडे जाणारं रक्तही कमी होतं, म्हणजे दाब उतरला तरी फायदा हातचा जातो. तीन टक्के मात्र रक्ताचं आकारमान टिकवतं.

आमच्या मुलाचे हातपाय गार होते, नाडी बारीक. सिनिअरने मॅनिटॉल बाजूला ठेवायला लावलं आणि सांगितलं, “तीन टक्के घे. पाच मिलीने 70 मिली, 15 मिनिटांत.” पंपावर मी 70 टाकायला गेलो तर त्यानेच हात धरला. पंप ताशी वेग विचारतो. 70 टाकलं असतं तर डोस जायला तास लागला असता. पंधरा मिनिटांत संपवायचं तर 280. वीसेक मिनिटांत बाहुल्या सारख्या झाल्या. मग वजन काट्यावर घेतलं, तर 13 किलो भरलं. वयाच्या सूत्राने 16 निघालं असतं. आपल्याकडची पोरं त्या सूत्राला क्वचितच पुरी पडतात.

या 70 मिलीत सोडियम सुमारे 36 मिलिइक्विव्हॅलंट. एवढ्या वजनात एका डोसने रक्तातलं सोडियम चारेकने वाढतं. एका डोसला हरकत नाही, पण दुसऱ्याआधी रिपोर्ट हवाच. टीबी मेनिंजायटिसमध्ये सोडियम कित्येक दिवस 120च्या आसपास असतं. तिथे डोसमागून डोस दिले तर ते भराभर चढतं आणि मेंदूच्या मज्जातंतूंचं आवरण जाऊ शकतं. सोडियम 160च्या वर जाऊ लागलं की आम्ही हात आखडतो. मॅनिटॉलला तोच इशारा ऑस्मोलॅलिटी 320चा. किडनी बंद असेल, लघवीच होत नसेल, तर मॅनिटॉल अंगातच साचतं. तेव्हा ते नको.

मुंबईत थंडी कसली, पण एसी आयसीयूत बाटल्यांत मॅनिटॉलचे खडे धरतात. उजेडासमोर धरा. सुया चमकल्या तर बंद बाटली गरम पाण्यात ठेवून त्या विरघळवा, मग अंगाच्या तापमानाला येऊ द्या आणि फिल्टरच्या सेटने द्या. रात्री घाईत हे होत नाही, म्हणून आमच्या वॉर्डात ड्युटी बदलताना सिस्टर बाटल्या उजेडासमोर धरून पाहतात.