दोन वर्षांचं यंत्र, तीन वर्षांचं यंत्र आणि लसावि

कॉलेजच्या दारातलं झेरॉक्सचं दुकान घ्या. जुनं मशीन आता रोज कागद अडकवतंय, बदलायलाच हवं. विक्रेत्याने दोन मशीनं दाखवली आहेत. पहिलं १ लाखाचं, पण दोनच वर्षं चालेल. दुसरं दीड लाखाचं आणि तीन वर्षं टिकेल. कागद, टोनर, वीज आणि दुरुस्ती वजा जाता पहिल्यातून वर्षाला ७०,००० रुपये सुटतात, दुसऱ्यातून ७२,०००. आयुष्य संपलं की दोन्हींचं भंगारच, त्याचे पैसे धरायचे नाहीत. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, पण पेच खरा आहे.

उद्या मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो, कारण आजचा रुपया गुंतवता येतो. दर १० टक्के धरला, तर वर्षाअखेर हाती येणाऱ्या १ रुपयाची आजची किंमत सुमारे ९१ पैसे, दोन वर्षांनी येणाऱ्याची ८२.६ पैसे. अशी दरवर्षीची कमाई आजच्या किमतीत आणून तिच्यातून मशीनची किंमत वजा केली की उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य. पहिल्या मशीनचं येतं २१,४८८ रुपये, दुसऱ्याचं २९,०५३. दुसरं साडेसात हजारांनी पुढे दिसतं आणि पुष्कळ जण इथेच निर्णय घेऊन मोकळे होतात.

चूक इथेच होते. पहिला आकडा दोन वर्षांच्या कमाईचा आहे, दुसरा तीन वर्षांच्या. पहिलं मशीन बंद पडल्यावर दुकानाला कुलूप लागत नाही. विद्यार्थी येतच राहतात आणि मालक पुन्हा तसलंच मशीन आणतो. तिसऱ्या वर्षीची त्याची कमाई आपण शून्य धरून बसलो होतो.

म्हणून दोन्ही मशीनं पुन्हा पुन्हा घेत एकाच वर्षापर्यंत न्यायची. यालाच बदलीच्या साखळीची पद्धत म्हणता येईल. कुठवर न्यायचं, ते शाळेतला लसावि सांगतो: २ आणि ३ चा लसावि ६. सहा वर्षांत पहिलं मशीन तीनदा घ्यावं लागेल, दुसरं दोनदा.

पहिल्याची साखळी अशी. आजच्या खरेदीतून २१,४८८. दोन वर्षांनी तसंच मशीन घेतलं की त्या वेळी पुन्हा २१,४८८, पण दोन वर्षं दूर असल्याने त्याचं आजचं मोल १७,७५९. चौथ्या वर्षाअखेरच्या खरेदीचं १४,६७७. बेरीज सुमारे ५३,९२३. दुसऱ्याचे आजचे २९,०५३ आणि तीन वर्षांनंतरच्या खरेदीचे २१,८२८ मिळून ५०,८८१. निकाल फिरला! एका खेपेला मागे पडलेलं स्वस्त मशीन सहा वर्षांत तीन हजारांनी पुढे गेलं.

आयुष्यं ७ आणि ९ वर्षांची असती तर लसावि ६३ आला असता. इतकी लांब साखळी कोण मांडणार? तेव्हा एका खेपेचं निव्वळ मूल्य वर्षावार समान हप्त्यांत वाटतात. बँकेचा हप्ता काढतात तेच गणित. आपल्या मशीनांना लावलं तर पहिल्याचे वर्षाला १२,३८१ येतात, दुसऱ्याचे ११,६८३. निकाल साखळीचाच.

या पद्धतीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: दोन वर्षांनीही मशीन १ लाखालाच मिळेल आणि कमाईही तेवढीच राहील. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण साखळी मांडणारे हे तपासत नाहीत. समजा कमाई तेवढीच राहिली, पण दोन्ही मशीनं दरवर्षी ५ टक्क्यांनी महागली. मग पहिल्याची दुसरी खरेदी १,१०,२५० ला पडते, तिसरी जवळपास १,२१,५५० ला. पहिल्याची साखळी घसरून सुमारे ३०,७०० वर येते, दुसऱ्याची ३३,१०० वर. निकाल पुन्हा उलटा. दरवाढ वर्षाला ३ टक्के धरली तर दोघं जवळपास बरोबरीला येतात. म्हणजे आपला तीन हजारांचा फरक एवढ्याशा महागाईवर तोललेला होता. साखळी मांडली की प्रत्येक पुढच्या खरेदीची किंमत वेगळी घालून पाहा. निकाल कुठल्या दराला पलटतो, ते लगेच दिसतं. वर्षाच्या हप्त्याच्या एका आकड्यात हे दिसत नाही, म्हणून किमती बदलत्या असतील तेव्हा लांबलचक वाटली तरी मी साखळीच मांडेन.

आणि काम पुढे चालणारच नसेल तर साखळी मांडूच नये. जागेचा करार तीन वर्षांनी संपतोय आणि दुकान तिथून उठणार आहे, असं असेल तर सहा वर्षांचा हिशोब खोटा ठरतो. तेव्हा तीनच वर्षं धरायची आणि पहिल्या मशीनची दुसरी खरेदी वर्षभर वापरून विकली तर काय हाती येईल, ते बाजारात विचारून यायचं. हिशोबाला बसायचं ते तो भाव कळल्यावर.