विधीतील पुनरावृत्ती

विधीमध्ये ठरलेले शब्द आणि ठरलेल्या कृती त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा करणे, याला विधीतील पुनरावृत्ती म्हणतात. विधी-अभ्यास ही ज्ञानशाखा या पुनरावृत्तीकडे निव्वळ सवय म्हणून पाहत नाही. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉय रॅपपोर्ट यांनी विधीची जी व्याख्या केली, तिच्यात करणाऱ्याने स्वतः न रचलेला आणि फारसा न बदलणारा कृती-उच्चारांचा क्रम हेच विधीचे मुख्य लक्षण मानले आहे. अशा क्रमातून दोन प्रकारचे निरोप जातात, असे त्यांचे म्हणणे होते. एक निरोप कायमचा आणि सर्वांसाठी सारखाच असतो, तर दुसरा तो विधी आत्ता, इथे, कोण करीत आहे एवढेच सांगतो. न बदलणारी चौकट आणि तिच्यात भरला जाणारा बदलता तपशील यांचे नाते नाशिकमधील कोणत्याही पूजेच्या आरंभी होणाऱ्या संकल्पात फार स्पष्ट दिसते.

यजमान पाटावर बसतो, पळीने तळहातावर पाणी घेऊन केशव, नारायण आणि माधव या नावांनी तीनदा आचमन करतो, गोविंद या नावाला पाणी ताम्हनात सोडतो, आणि मग प्राणायाम व देवतावंदन झाल्यावर गुरुजी देशकालाचा उच्चार सुरू करतात. हा उच्चार अतिशय मोठ्या मापापासून लहान मापाकडे उतरत जातो. ब्रह्मदेवाचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर आणि कलियुगाचा प्रथम चरण हे आधी येते. मग भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा काठ. त्यानंतर शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. आणि सर्वांत शेवटी यजमानाचे गोत्र व नाव. ‘करिष्ये’ म्हणजे ‘मी करीन’ हा शब्द उच्चारून यजमान उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडतो, आणि तेथे संकल्प पुरा होतो.

यातला पहिला भाग काल म्हटला तसाच आज म्हणतात. शेवटचा भाग मात्र रोज बदलतो, आणि तो बदलला नाही तर संकल्प चुकतो. शके १९४७ मध्ये संवत्सराचे नाव ‘विश्वावसु’ होते. ते काढण्याची पारंपरिक रीत सोपी आहे: शकात १२ मिळवायचे आणि बेरजेला ६० ने भागायचे. १९५९ ला ६० ने भागले असता बाकी ३९ उरते आणि साठ संवत्सरांच्या यादीत एकोणचाळिसावे नाव ‘विश्वावसु’ आहे. गुढीपाडव्याला हे नाव बदलून पुढचे ‘पराभव’ येते. वर्षभर रोज एकच नाव घेतलेल्या जिभेवर पाडव्यानंतर जुनेच नाव येण्याचा संभव असतो. ही चूक शेजारी बसलेल्या दुसऱ्या गुरुजींच्या लगेच ध्यानात येते, कारण बाकीचे शब्द इतके पाठ असतात की ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष त्या एका जागी थांबते. पुनरावृत्तीचा हा उपयोग सहसा दुर्लक्षित राहतो: न बदलणाऱ्या शब्दांमुळेच बदललेला शब्द ऐकू येतो.

नाशिकमध्ये हे स्थळाच्या बाबतीत विशेष जाणवते. महाराष्ट्रातील पुष्कळ यजमानांच्या संकल्पात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असे येते, कारण पुण्यासारखी गावे नदीच्या दक्षिणेला फार दूर असली तरी मोजमाप गोदावरीपासूनच होते. नाशिकमध्ये मात्र ही नदी शहराच्या मधून वाहते. जुने नाशिक उजव्या काठावर आणि पंचवटी डाव्या काठावर आहे. म्हणून अहिल्यादेवी होळकर पूल ओलांडला की ‘दक्षिणे’च्या जागी ‘उत्तरे’ हा शब्द यायला हवा. रामकुंडाच्या परिसरात नदी काही अंतर दक्षिणेकडे वाहत असल्याने डोळ्यांना दिसणारे काठ खरे तर पूर्व आणि पश्चिम असे आहेत, पण संकल्प नदीचा समग्र प्रवाह धरतो, समोर दिसणारे वळण धरत नाही. एकच भिक्षुक सकाळी रविवार कारंज्याजवळ आणि दुपारी पंचवटीत पूजा सांगत असेल, तर त्या दोन संकल्पांमधील स्थळाचा सारा फरक या एका शब्दात सामावलेला असतो.

ज्याला आपले गोत्र माहीत नाही त्याच्यासाठी सामान्यतः ‘काश्यप’ गोत्र उच्चारतात. चौकटीतील जागा मोकळी सोडता येत नाही, आणि ती गाळून पुढेही जाता येत नाही. या रीतीवरून पुनरावृत्ती नेमकी कशाची होते, ते कळते. एखादा मुलगा वडिलांच्या पश्चात आयुष्यात पहिल्यांदाच संकल्प सोडतो. त्याच्या स्वतःच्या हातून यापूर्वी काहीही घडलेले नसते, तरीही ती कृती आधीच झालेल्या असंख्य कृतींसारखीच असते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री आणि जेम्स लेडलॉ यांनी जयपूरमधील जैन पूजेचा अभ्यास करून १९९४ मध्ये असे मांडले की, विधीमध्ये करणारा स्वतः कर्ता असतो, परंतु ती कृती काय आहे हे त्याच्या मनातील हेतूवर ठरत नाही, ते आधीच ठरलेले असते. पाणी सोडताना यजमानाचे मन भरून आले असो वा घरी राहिलेल्या कामाकडे गेले असो, संकल्प झाला तो झालाच. रॅपपोर्ट यांनी याला श्रद्धेपासून वेगळे काढून स्वीकार म्हटले: श्रद्धा आतली आणि चंचल असते, तर चारचौघांत उच्चारलेला ‘करिष्ये’ सर्वांनी ऐकलेला असतो आणि मागे घेता येत नाही. माझ्या मते संकल्पाच्या बाबतीत हे विवेचन अगदी नेमके बसते, मात्र भजन किंवा नामजपासारख्या पुनरावृत्तीला ते तितके लागू पडत नाही, कारण तेथे भाव हाच गाभा आहे.

पुनरावृत्तीला मर्यादाही आहे. वारंवार होणारा विधी हातांच्या आणि जिभेच्या सवयीत उतरतो, अर्थाचा विचार मागे पडतो आणि कंटाळा येऊ लागतो, हे हार्वी व्हाइटहाउस या अभ्यासकाने पापुआ न्यू गिनीतील एका धार्मिक चळवळीच्या अभ्यासातून दाखवले. क्वचित होणारे, भावना ढवळून काढणारे विधी व्यक्तीला प्रसंग म्हणून आठवतात. रोजचे विधी पद्धत म्हणून आठवतात. त्यामुळे रोजच्या विधीत अर्थ नाहीसा झाला तरी क्रम मात्र टिकून राहतो.

गणेशोत्सवात ध्वनिमुद्रित पूजा लावून मूर्तीची प्रतिष्ठापना करण्याची रीत आता घरोघरी आढळते. तेथे न बदलणारा भाग उत्तम जमतो. अडचण येते ती बदलत्या भागाची. मुद्रणात संवत्सराचे नाव घातलेले असेल तर पुढच्या वर्षी ते चुकीचे ठरते, आणि काठ ‘दक्षिणे’ असा पक्का केलेला असेल तर पंचवटीतल्या घरी पहिल्या वर्षापासूनच चुकते. म्हणून जाणकार गुरुजी अशा मुद्रणात या जागी थांबतात, यजमानाला पंचांग समोर ठेवायला सांगतात आणि नाव-गोत्रासाठी काही क्षण मोकळे ठेवतात. अशा वेळी घरातील एखादी व्यक्ती पंचांगातून नक्षत्र वाचते आणि यजमान अडखळत का होईना, ते स्वतः उच्चारतो.

पूजेच्या अखेरीस ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’ ही क्षमाप्रार्थना येते. एखादा शब्द चुकला असो वा नसो, ती प्रत्येक पूजेत तशीच म्हटली जाते.