चॅट कॉपी केलं म्हणजे फील्डवर्क होत नाही

ऑनलाइन समूहाचा अभ्यास म्हणजे सगळे मेसेज डाउनलोड करायचे, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे की निष्कर्ष हातात, असा समज आहे. 'डेटा स्वतःच बोलतो' हे तर हल्ली कुठेही ऐकू येतं, आणि मला ते अजिबात पटत नाही.

टॉम बोलस्टॉर्फ हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. आधी इंडोनेशियात फील्डवर्क केलेला हा माणूस २००४ ते २००७ सेकंड लाइफ या आभासी जगात राहिला. तिथे आपण अवतार घेऊन फिरतो, घर बांधतो, गप्पा मारतो. त्यानेही घर बांधलं, शेजारी जोडले, आणि आपण संशोधक आहोत हे प्रोफाइलवर उघड लिहिलं.

पण प्रोफाइलवर लिहिलं की झालं का? नाही ना! तिथे साधं चॅट साधारण २० मीटरच्या आत असलेल्या सगळ्यांना दिसतं. समजा तुम्ही पाचजणांना सांगून बसलात आणि मधेच सहावी व्यक्ती आली, तिने तुमचं प्रोफाइल उघडलंच नाही आणि आपल्या घटस्फोटाबद्दल बोलायला लागली, तर तिच्या दृष्टीने तुम्ही फक्त आणखी एक अवतार आहात. म्हणून ओळख परत परत द्यावी लागते, आणि मुलाखत घ्यायची तर वेगळी संमती लागते.

आता नोंदींचं बघा. लॉगमध्ये एवढंच असतं: अमुक म्हणाली 'हो', मग चार मिनिटं काही नाही, मग 'सॉरी, आले'. सॉफ्टवेअरला ही शांतता म्हणजे रिकामी जागा. पण तिथे बसलेल्याला दिसतं की तिच्या अवताराची मान खाली पडली, म्हणजे ती कीबोर्डवरून उठली, आणि बाकीचे न रागावता थांबले. दुसऱ्याचा अवतार हवेत टाइप करत होता, मग थांबला, मेसेज आलाच नाही, म्हणजे काहीतरी लिहून खोडलं. हे लॉगमध्ये येत नाही, त्याच दिवशी लिहून ठेवलं तरच उरतं. लॉग वेगळा ठेवायचा आणि आपण काय पाहिलं, आपल्याला काय वाटलं ते वेगळं, नाहीतर महिन्याने दोन्ही एकात मिसळतात आणि आपला अंदाजच पुरावा वाटायला लागतो.

राहिला छापण्याचा प्रश्न. टोपणनाव बदललं की माणूस लपला असं नाही. कोणी सगळ्यांना दिसेल अशी पोस्ट टाकली असेल आणि तुम्ही त्यातलं वाक्य जसंच्या तसं छापलंत, तर ते सर्चमध्ये टाकून कोणीही मूळ पोस्टपर्यंत पोचतो, तिथून खात्यापर्यंत. त्यामुळे बरेच संशोधक वाक्य बदलून लिहितात, आणि छापायच्या आधी स्वतः सर्च करून बघतात. यात त्या माणसाची बोलायची ढब जाते, हे नुकसान खरंच आहे. म्हणून ती ढबच अभ्यासाचा विषय असेल, तर त्याच व्यक्तीला विचारून, मूळ वाक्य तिच्या परवानगीनेच छापायचं.