लेजिओनेला व कूलिंग टॉवर (सोलापूर)

लेजिओनेला हा पाण्यात वाढणारा जीवाणू आहे. तो असलेले सूक्ष्म तुषार श्वासातून फुप्फुसात गेले, तर लेजिओनेअर्स आजार हा गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका संमेलनानंतर हा आजार प्रथम ओळखला गेला. यंत्रणेचे पाणी हवेने गार करणाऱ्या कूलिंग टॉवरचा पंखा असे तुषार हवेत सोडतो, म्हणून धोका टॉवरजवळ काम करणाऱ्यांपुरता राहत नाही.

हा जीवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो आणि ३५ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने. ६० अंशांवर तो काही मिनिटांत मरतो. त्यामुळे रुग्णालयांत, हॉटेलांत गरम पाणी ६० अंशांवर साठवतात आणि परतीच्या नळीत ते ५० अंशांखाली जाऊ देत नाहीत. थंड पाणी मात्र २० अंशांखाली ठेवायचे असते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीत ते शक्यच नाही. टॉवरच्या हौदातले पाणी तर बहुधा ३० अंशांच्या आसपास असते. इथे तापमानाने काही साधत नाही. भिस्त स्वच्छता आणि क्लोरीनवर.

खरा अड्डा म्हणजे फिलवर, म्हणजे टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या जाळीदार भरावावर, व हौदाच्या तळाशी बसणारा क्षारांचा आणि चिकट शेवाळी थर. त्याच्या आडोशाला, कधी अमिबांच्या पोटातही, जीवाणू क्लोरीनपासून वाचतो. म्हणून थर न खरवडता नुसते औषध ओतणे व्यर्थ.

समजा, यंत्रणेत १० घनमीटर पाणी आहे. साफसफाईच्या आधी लिटरमागे ५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा, म्हणजे एकूण ५० ग्रॅम. म्हणजे दहा टक्क्यांचा हायपो, अर्थात सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, सुमारे अर्धा लिटर. घाण क्लोरीन खाते, शिवाय उन्हात ठेवलेल्या कॅनमधला हायपो लवकर कमजोर होतो. म्हणून मात्रा हिशेबाने नव्हे, किटने मोजून पुन्हापुन्हा भरून काढतात. पंखा आणि ब्लोडाउन, म्हणजे घट्ट झालेले पाणी बाहेर सोडणे, बंद ठेवून पाणी ५ तास फिरवतात. नंतर क्लोरीन निष्प्रभ करून हौद रिकामा करतात, गाळ काढून थर घासतात, तुषार अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर धुतात किंवा फाटले असल्यास बदलतात. घासणाऱ्याला एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवाच. मग पाणी भरून पुन्हा क्लोरीन.

क्लोरीन भरपूर दिसत असूनही जीवाणू सापडत असेल, तर आधी पीएच पाहावा. बाष्पीभवनाने जड पाणी आणखी घट्ट होते आणि पीएच ८.५ पर्यंत चढतो. तिथे मुक्त क्लोरीनचा जेमतेम दहावा भाग प्रभावी रूपात उरतो. ब्लोडाउन वाढवून किंवा पीएच उतरवून हे सुधारते.

दर आठवड्याची डिपस्लाइड, म्हणजे पाण्यात बुडवून जीवाणू वाढवायची पट्टी, एकूण जीवाणू दाखवते, लेजिओनेला नव्हे. त्यासाठी एक लिटर नमुना, क्लोरीन निष्प्रभ करणारे थायोसल्फेट घातलेल्या बाटलीत, प्रयोगशाळेला द्यावा लागतो आणि निकालाला दहा दिवसांपर्यंत लागू शकतात. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार लिटरमागे लेजिओनेलाच्या १,००० पेक्षा जास्त वसाहती आल्यास उपाययोजना तपासतात आणि नमुना पुन्हा घेतात. १०,००० च्या वर लगेच कारवाई. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर थांबलेला टॉवर क्लोरीन न देता सरळ सुरू करणे, ही नेहमीची चूक.