नातेवाइकाने रुग्णाच्या संमतीविना केसपेपर मागितल्यास: पात्रता, कागदपत्रे आणि उत्तराचा मसुदा

रेकॉर्ड विभागाच्या खिडकीवर वारंवार येणारी एक मागणी घेऊ. पत्नी चार दिवस दाखल होती आणि आता घरी गेली आहे. पती येऊन म्हणतात, "दाखल करताना सही माझी होती, बिलही मीच भरले, मला संपूर्ण फाइलची झेरॉक्स द्या." पत्नी सज्ञान आहे, शुद्धीवर आहे आणि तिचे कोणतेही पत्र सोबत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने किंवा संबंधित कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यास तिची पोच द्यावी लागते आणि 72 तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. गोंधळ होतो तो 'अधिकृत' या शब्दावर. दाखल करतानाच्या अर्जात 'सोबतचे नातेवाईक' या रकान्यात ज्यांचे नाव असते, त्यांनाच अधिकृत समजून फाइल हातात दिली जाते. वास्तविक तो रकाना तातडीच्या वेळी कोणाला बोलवायचे आणि खर्चाची जबाबदारी कोणाची, एवढ्यापुरताच असतो. त्यावरील सहीने कागदपत्रे मिळण्याचा अधिकार येत नाही, आणि बिल भरल्यानेही येत नाही. पतीने भरलेल्या रकमेची पावती त्यांना अवश्य द्यावी. मात्र तपासण्या व औषधांचा तपशील असलेले सविस्तर बिल हे केसपेपरइतकेच गोपनीय समजावे.

अज्ञान मुलासाठी आई-वडील किंवा कायदेशीर पालक अर्ज करू शकतात. मृत रुग्णाच्या वारसाकडून मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेतला जातो. न्यायालयाचा आदेश आल्यास त्यात जेवढे मागितले आहे तेवढेच द्यावे. रुग्ण बेशुद्ध असताना उपचाराचा निर्णय घेण्यासाठी जवळच्या नातेवाइकाला प्रकृतीची माहिती देणे डॉक्टरांना भागच असते. पण त्यावरून पुढे फाइलची प्रत देणे योग्य ठरत नाही.

वरील प्रकरणात पतींकडून तीन गोष्टी मागाव्यात: त्यांचा लेखी अर्ज, पत्नीने स्वतः सही केलेले अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. अधिकारपत्रात कोणत्या तारखांची, कोणती कागदपत्रे, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या हाती द्यायची, हे स्पष्ट असावे. विम्यासाठी डिस्चार्ज कार्ड पुरत असेल, तर संपूर्ण फाइल देण्याचे कारण नाही. पत्रावरील सही उपचारांच्या संमतीपत्रावरील सहीशी ताडून पाहावी. शंका वाटल्यास केसपेपरवर नोंदवलेल्या क्रमांकावर रुग्णालाच फोन करावा, अर्जदाराने सांगितलेल्या क्रमांकावर नव्हे. फोन दुसऱ्या कोणी उचलल्यास विषय न सांगता ठेवून द्यावा. पती शेजारी उभे असताना पत्नीने फोनवर दिलेला होकार मी स्वतः संमती मानत नाही, कारण त्या क्षणी तिला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे की नाही, हे आपल्याला कळत नाही.

अधिकारपत्र नसल्यास उत्तर लेखीच द्यावे. मसुदा असा ठेवता येईल:

"आपला अर्ज मिळाला. घरच्या माणसाच्या प्रकृतीची आपल्याला वाटणारी काळजी आम्ही समजू शकतो. तथापि, उपचारांची कागदपत्रे रुग्णाची असल्याने, त्यांच्या लेखी संमतीविना ती अन्य कोणासही, अगदी जवळच्या नातेवाइकासही, देता येत नाहीत. हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. रुग्ण स्वतः ओळखपत्रासह अर्ज करू शकतात किंवा त्यांच्या सहीचे अधिकारपत्र आपल्याकडे देऊ शकतात. तसा अर्ज पूर्ण स्वरूपात मिळाल्यापासून 72 तासांत प्रती देण्यात येतील. विमा दाव्यासाठी कागद हवे असल्यास अधिकारपत्राचा कोरा नमुना सोबत जोडला आहे."

या मसुद्यात 'सध्या', 'शक्यतो', 'वरिष्ठांना विचारून पाहतो' असे शब्द मुद्दाम घातलेले नाहीत. माणूस दुखावू नये म्हणून आपण ते वापरतो, पण त्यांतून वाट मोकळी असल्याचा समज होतो आणि तीच व्यक्ती दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कोणाला तरी घेऊन येते. तसेच "तसे काही गंभीर नव्हते" किंवा "ती तपासणी केलेलीच नाही" असा दिलासाही देऊ नये. एक तपासणी नाकारली की पुढच्या तपासणीबद्दल विचारले जाते आणि तेव्हाचे आपले मौन हेच उत्तर ठरते. एचआयव्ही, गर्भपात किंवा मानसिक आजाराच्या उपचारांबाबत तर गोपनीयतेच्या स्वतंत्र कायदेशीर तरतुदी आहेत, म्हणून 'असे काही आहे का' या प्रश्नाला प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यावे: हे आम्हाला सांगता येत नाही.

येथे पत्नीला पतींनीच दाखल केले असल्याने ती रुग्ण होती हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र दाखल करण्याशी संबंध नसलेला भाऊ किंवा दीर विचारू लागला, तर उत्तराची सुरुवात "कोणतीही व्यक्ती आमच्याकडे उपचार घेत होती की नाही, हे आम्ही सांगत नाही" अशी करावी आणि नोंदवही चाळण्यापूर्वीच हे वाक्य बोलावे.

अर्जाला आवक क्रमांक देऊन पोच द्यावी, उत्तराची स्थळप्रत फाइलला लावावी आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर "पतींची मागणी, संमती नाही, उत्तर दिले" अशी तारखेसह नोंद करावी, म्हणजे संध्याकाळच्या पाळीतील कर्मचारीही त्यांना हेच उत्तर देईल.